एका पणतीच्या कॅप्शनचं प्रकरण: दोन दिवाळ्या, तीन आकडे

माझी वहिनी डोंबिवलीत घरच्या घरी मेणबत्त्या आणि मेण भरलेल्या पणत्या करते. मी जाहिरातींची कॉपी लिहून पोट भरतो. त्यामुळे तिच्या इन्स्टाग्राम पेजवरचं लिखाण आपसूक माझ्या गळ्यात पडलेलं आहे. २०२४ च्या दिवाळीला मी तिला एक कॅप्शन लिहून दिलं आणि त्याने तिचा पंधरवडा खाल्ला. २०२५ ला आम्ही तेच कॅप्शन पुन्हा, नव्याने लिहिलं. त्या दोन कॅप्शनांमध्ये काय बदललं आणि का, तेवढंच इथे मांडतो.

२०२४ चं कॅप्शन असं होतं:

"उजेडाचा सण, आपुलकीची भेट! आमचं खास दिवाळी कलेक्शन आता उपलब्ध. हँडमेड दिये, सुगंधी मेणबत्त्या, फ्लोटिंग कँडल्स. दीर्घकाळ जळणारे, ६+ तास. बल्क ऑर्डर स्वीकारल्या जातील. शिपिंगची शेवटची तारीख २३ ऑक्टोबर. किमतीसाठी डीएम करा."

लिहायला मला दहा मिनिटं लागली असतील. लोकांनी हृदयं दिली, वहिनी खूश झाली. पहिली टीका मात्र घरातूनच आली. आईने फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाली, "पणती जळते काय रे? तेवते. आणि दिये काय, आपण उत्तरेत राहतो का?" मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, ही भाषेची बाब, धंद्याची नव्हे. ते चूक होतं, पण त्याकडे नंतर येतो.

सहा तास आले कुठून

खरं सांगायचं तर कुठूनच नाही. शेजारच्या एका पेजवर आठ तास लिहिलेलं होतं, म्हणून मी नम्रपणे सहा लिहिले. वहिनीला विचारलंसुद्धा नाही. तिच्या काचेच्या ग्लासातल्या मोठ्या मेणबत्त्या कितीतरी जास्त चालतात, तेव्हा पणतीला सहा तास काय कठीण, असा माझा हिशोब.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री, १ नोव्हेंबरला, साडेदहाच्या सुमारास वहिनीला एका गिऱ्हाईकबाईंचा मेसेज आला. संध्याकाळी सातला लावलेल्या चारही पणत्या शांत झाल्या होत्या. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाचा दिवा मध्यरात्रीपर्यंत ठेवायची पद्धत. कॅप्शनवर विसंबून त्यांनी तेलाची समई काढलीच नव्हती. बाई रागावल्या नव्हत्या, नुसतं विचारत होत्या की आमच्याकडून काही चुकलं का. वहिनीला ते जास्त लागलं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही बसून मोजलं. पद्धत अगदी साधी आहे आणि कुणालाही स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करता येते. रिकामी पणती वजन करायची, मेण आणि वात भरून पुन्हा करायची. वहिनीची मधली पणती रिकामी ५८ ग्रॅम, भरून ८८. म्हणजे आत ३० ग्रॅम मेण. एकाच घाण्यातल्या पाच पणत्या घेतल्या, वाती अर्ध्या सेंटिमीटरवर कापल्या, पंखा बंद केला, खिडकी लावली आणि एकदम पेटवल्या. दर तासाला एक पणती अलगद काट्यावर ठेवून आकडा लिहायचा.

पहिल्या तासात ती ८८ वरून ८३ वर आली. तेव्हा ज्योत अजून कडेपर्यंतचं मेण वितळवत असते, म्हणून खप कमी. नंतर तासाला सात ग्रॅम या चालीने ७६, ६९, ६२. चौथा तास संपला तेव्हा आत चार ग्रॅम उरले होते, ज्योत बुटकी झाली होती आणि वातीच्या बुडाची पत्र्याची चकती दिसायला लागली होती. ती ४ तास २० मिनिटांनी शांत झाली. तळाचं थोडं मेण तसंच राहिलं. ते राहतंच, कारण वात चकतीत उभी असते आणि चकतीच्या उंचीखालचं मेण तिला नीट ओढता येत नाही. म्हणून नुसतं तीस भागिले सात असं करून आकडा काढला तर पहिल्या तासाची संथ चाल आणि तळाची शिल्लक, दोन्ही हिशोबातून सुटतात. योगायोगाने भागाकार जवळपास जुळतोही, पण जाड मातीच्या किंवा पसरट पणतीत जुळणार नाही.

बाकीच्या चारांपैकी तीन ४ तास १० मिनिटं ते ४ तास ३० मिनिटं या पट्ट्यात राहिल्या. पाचवी २ तास ५० मिनिटांत गेली. उचलून पाहिली तर वात मध्यभागी नव्हती, ओतताना एका कडेला सरकली होती. त्या बाजूचं मेण संपलं आणि समोरच्या बाजूला घट्ट मेणाची एक चंद्रकोर तशीच उरली. वहिनी म्हणाली, "भावजी, ही सरासरीत धरायची नाही. ही माझी चूक आहे, पणतीची नाही." त्या दिवसापासून ती ओतल्यावर मेण गोठेपर्यंत वातीला आइस्क्रीमच्या दोन काड्यांच्या मध्ये पकडून ठेवते.

मग आम्ही उरलेल्या घाण्यातल्या आणखी पाच घेऊन गॅलरीत गेलो, कारण दिवाळीत पणती बंद खोलीत कोण लावतं? चौथा मजला, संध्याकाळचा वारा. ज्योत सारखी एका अंगाला झुकते, तिकडची कड लवकर वितळते, मेण भरभर खपतं. तिथल्या पणत्या ३ तास ते ३ तास २० मिनिटं टिकल्या. एक तर तीनदा मालवली आणि तीनदा लावावी लागली. २०२४ च्या त्या बाईंच्या साडेतीन तासांचं उत्तर इथे मिळालं. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

एक प्रकार असा की मोजताना वेळच भलता यायचा. वहिनी पणत्या धारावीच्या कुंभारवाड्यातून आणते. त्यांच्यावर मातीची धूळ असते, म्हणून धुवून घेते. तेलाच्या पणत्या आपण मुद्दाम पाण्यात भिजवतो, म्हणजे माती तेल कमी पिते. पण तीच सवय मेणाच्या पणतीला लावली की घोटाळा. वरून कोरडी दिसणारी माती आत ओली असते, ज्योतीच्या उबेने ते पाणी वितळलेल्या मेणात येतं, वात चट्-चट् करते आणि ज्योत विझते. ऑगस्टच्या दमट हवेत एक दिवस वाळवलेल्या पणत्यांनी असाच दगा दिला. आता ती त्या धुतल्यावर दोन पूर्ण दिवस कडक उन्हात ठेवते, आणि ऊन नसेल तर त्या दिवशी मेण ओततच नाही.

तर आकडा ठरला: घरात ४ तास, वाऱ्यावर ३ तास. मी "४ ते साडेचार" म्हणत होतो, वहिनीने साडेचार खोडलं. तिचं म्हणणं, चार वाचून साडेचार मिळाले तर कुणी मेसेज करत नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या आणि ग्लासातल्या मेणबत्त्यांचे वेळ वेगळे आहेत. ते कॅप्शनमध्ये घातले असते तर कॅप्शनचं वेळापत्रक झालं असतं, म्हणून त्या त्या वस्तूच्या फोटोवरच छापले. कॅप्शनमध्ये फक्त पणतीचा आकडा, कारण तीच सगळ्यात जास्त विकली जाते आणि तक्रारही तिचीच आली होती.

आणि आईचा मुद्दा. "जळण्याचा वेळ" असं लिहून पाहिलं, तर वाचताना काहीतरी कडवट लागतं. सणाच्या पणतीबद्दल आपण जळते, विझते असं तोंडाने म्हणत नाही. ती तेवते आणि शांत होते. "४ तास तेवते" हे तीन शब्द "बर्न टाइम ४ तास" पेक्षा लांब नाहीत आणि वाचणाऱ्याला लगेच आपल्या देवघरातली पणती दिसते. "दिये" काढून "पणत्या" केलं. शोधणारे लोक मात्र इंग्रजीत टाइप करतात, म्हणून खाली हॅशटॅगमध्ये #diya ठेवलं. तिथे आई वाचायला जात नाही.

बल्क या शब्दाचे दोन अर्थ

२०२४ च्या "बल्क ऑर्डर स्वीकारल्या जातील" या चार शब्दांत किती, कधीपर्यंत आणि कितीला, यातलं काहीच नव्हतं. १८ ऑक्टोबरला ऐरोलीतल्या एका कंपनीतून फोन आला. चार पणत्यांचे २५० बॉक्स, २४ तारखेपर्यंत. वहिनी हरखून हो म्हणाली. मीही टाळ्या वाजवल्या.

२५० बॉक्स म्हणजे हजार पणत्या. वहिनी आणि तिच्या मदतीला येणाऱ्या दोघी मिळून दिवसाला १५० पणत्या करतात: वाळवणं, वात लावणं, मेण वितळवणं, ओतणं, वरचा थर पुन्हा सपाट करणं. हजारला जवळपास सात दिवस लागतात, हातात सहा होते. शिवाय ओतल्यावर सुगंधी मेणाला निदान तीन दिवस उघड्यावर बसू द्यावं लागतं, म्हणजे वास मेणात मुरतो आणि पृष्ठभाग घट्ट होतो. ते तीन दिवस आम्ही कुठे मोजलेच नव्हते. शेवटच्या दोनशे पणत्या २३ च्या रात्री ओतल्या आणि कोमट असतानाच बॉक्समध्ये बंद केल्या. बंद बॉक्समध्ये मेणाला घाम फुटला. म्हणजे वासाच्या तेलाचे बारीक थेंब वर आले आणि वरचा पातळ कागद त्यांना चिकटला. कंपनीने पैसे दिले, पण चाळीस बॉक्स परत पाठवले. आणि त्या सहा दिवसांत घरगुती ऑर्डरी जिथल्या तिथे पडून राहिल्या, तो तोटा वेगळाच.

२०२५ ला आधी हिशोब केला, मग वाक्य लिहिलं. पितृपक्ष संपून २२ सप्टेंबरला घटस्थापना. पितृपक्षात दिवाळीची पोस्ट टाकायला आईने ठाम नकार दिला होता, आणि एरवीही त्या पंधरवड्यात कुणी सणाची खरेदी सुरू करत नाही. तर २२ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर, एकूण १९ दिवस. त्यातून दोन रविवार आणि २ ऑक्टोबरचा दसरा वजा केला. उरले १६. रोज १५० धरल्या तर २,४०० पणत्या, म्हणजे ६०० बॉक्स. त्यातले २०० घरगुती गिऱ्हाइकांसाठी बाजूला काढले, त्यांना हात लावायचा नाही. बल्कसाठी राहिले ४००.

मी लिहिलं होतं, "घाऊक ऑर्डर घेतो." चाचणीसाठी ते वहिनीच्या स्टेटसवर दोन दिवस ठेवलं. पाच फोन आले, पाचही दुकानदारांचे, आणि प्रत्येकाला निम्म्या किमतीत माल हवा होता. मराठीत घाऊक म्हणजे पुढे विकायला घेणारा. आम्हाला हवं होतं ते ऑफिस आणि सोसायटी. ते लोक स्वतःला बल्कवाले म्हणतात, घाऊक नव्हे. म्हणून शब्द बल्कच ठेवला, पण त्याच्या आधी "ऑफिस-सोसायटीसाठी" जोडलं. दुकानदारांचे फोन एकदम थांबले. पुढे ५० बॉक्सपासून, एका बॉक्सचे ३२० ऐवजी २८० रुपये, निम्मी रक्कम आगाऊ, आणि "३० सप्टेंबरपर्यंत किंवा ४०० बॉक्स भरेपर्यंत, जे आधी होईल ते."

आगाऊ रक्कम कॅप्शनमध्ये लिहावी का यावर आमचं वाजलं. मला ते खटकत होतं, सणाच्या पोस्टमध्ये उधारीवरची दुकानातली पाटी लावल्यासारखं. वहिनी म्हणाली, "तुम्हाला नाही करावी लागत ती चर्चा फोनवर. मला करावी लागते, हातात मेणाचं पातेलं धरून." रक्कम राहिली.

कोणाची शेवटची तारीख

"शिपिंगची शेवटची तारीख २३ ऑक्टोबर." २०२४ ला मी हे लिहिलं तेव्हा माझ्या मनात होतं की २३ ला शेवटचं पार्सल घरातून निघेल. वहिनीच्या मनात होतं की २३ ला दुपारी कुरिअरवाला शेवटचा येईल. लोकांनी वाचलं की २३ च्या रात्री बारापर्यंत ऑर्डर देता येते. त्या रात्री नऊ ऑर्डरी आल्या, पैशासकट. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण वाक्य त्यांच्या बाजूने होतं.

ती नऊ पार्सलं २५ ला निघाली. इंदूरचं पाडव्याला पोचलं, नागपूरचं भाऊबीजेला. कुरिअर कंपनीच्या ट्रॅकिंगवर पाच दिवस एकाच गोदामाचं नाव दिसत होतं. त्यांना दोष देऊन फारसा उपयोग नाही, दिवाळीच्या आठवड्यात त्या गोदामांची काय अवस्था असते ते सगळ्यांना माहीत आहे. तारीख ठरवताना तीच अवस्था धरून चालायची असते, ती आम्ही धरली नव्हती.

२०२५ ला उलटीकडून मोजत आलो. पहिली अडचण, दिवाळी कधी? त्या वर्षी महाराष्ट्रातल्या पंचांगांत लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, आणि उत्तरेत बऱ्याच ठिकाणी २० ला. "लक्ष्मीपूजनापूर्वी पोचेल" असं लिहिलं असतं तर दिल्लीच्या आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने वेगवेगळा दिवस धरला असता. म्हणून लक्ष्य धरलं वसुबारस, शुक्रवार, १७ ऑक्टोबर. पहिली पणती त्या संध्याकाळी लागते आणि त्यापुढे दिवाळी २० ची असो की २१ ची, पार्सल वेळेत असतं.

महाराष्ट्रात कुरिअरला एरवी दोन-तीन दिवस लागतात, सणाच्या आठवड्यात चार धरले. सोमवार १३ ते गुरुवार १६, चार दिवस. रविवार १२ ला काही हलत नाही. म्हणजे पार्सल शनिवारी ११ ला घराबाहेर पडायला हवं, आणि त्यासाठी ऑर्डर शुक्रवारी १० ला रात्री ८ पर्यंत यायला हवी. आठ ही वेळ वहिनीची, कारण त्यानंतर पॅकिंगला बसलं की बारा वाजतात आणि सकाळी लोकलला गर्दी असो वा नसो, मुलाचा डबा असतो. राज्याबाहेर आणखी तीन दिवस धरून मंगळवार ७ ऑक्टोबर. डोंबिवली आणि आसपासच्या लोकांनी घरून घेऊन जायचं, तो रस्ता १८ पर्यंत उघडा.

वाक्यात क्रियापद आणि कर्ता दोन्ही आणले: "ऑर्डर आणि पैसे १० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, रात्री ८ पर्यंत आमच्याकडे आले तर पार्सल ११ ला निघेल." कधी पोचेल याचं वचन नाही, कारण ते वहिनीच्या हातात नाही. कधी निघेल ते तिच्या हातात आहे. वार लिहिल्यामुळे एक छोटा फायदा झाला. मी आधी चुकून "१० ऑक्टोबर, गुरुवार" लिहिलं होतं, ते वहिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पकडलं. नुसती तारीख असती तर अशी चूक कुणाच्या नजरेला आली नसती.

याच वेळी बॉक्समधून काडेपेटी काढली. २०२४ ला गिफ्ट बॉक्समध्ये रंगीत कागद चिकटवलेली एक चिमुकली काडेपेटी असायची, लोकांना ती फार आवडायची. पण काड्या ज्वालाग्राही वस्तूंत येतात, पोस्टात आणि कुरिअरने पाठवायला बंदी आहे. बुकिंग काउंटरवर बॉक्स उघडायला लावला की अख्खं पार्सल मागे. ती आता फक्त घरून नेणाऱ्यांना देतात. ऑक्टोबर हीटचाही विचार केला. तिच्या पॅराफिन-सोया मिश्रणाचं मेण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत मऊ पडू शकतं, म्हणून पणत्या आडव्या न ठेवता उभ्या, एकेक पुठ्ठ्याच्या खाचेत. हे कॅप्शनमध्ये गेलं नाही, जायची गरजही नव्हती.

घटस्थापनेच्या सकाळी हे कॅप्शन लागलं:

"घरात ४ तास, गॅलरीतल्या वाऱ्यावर ३ तास तेवणाऱ्या मेणाच्या पणत्या. ४ पणत्यांचा बॉक्स ₹३२०, कुरिअर वेगळं.

माती थोडं मेण पिते, म्हणून पणतीखाली ताटली ठेवा.

कुरिअरने हवं असेल तर ऑर्डर आणि पैसे: महाराष्ट्रात १० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, रात्री ८ पर्यंत आले तर पार्सल ११ ला निघेल. राज्याबाहेर ७ ऑक्टोबर, मंगळवार, रात्री ८ पर्यंत, पार्सल ८ ला निघेल. डोंबिवलीतून स्वतः नेणार असाल तर १८ ऑक्टोबरपर्यंत.

ऑफिस-सोसायटीसाठी बल्क ऑर्डर ५० बॉक्सपासून, ₹२८० प्रमाणे, निम्मी रक्कम आगाऊ. ३० सप्टेंबरपर्यंत किंवा ४०० बॉक्स भरेपर्यंत, जे आधी होईल ते.

बाकी मेणबत्त्यांचे वेळ आणि किमती पुढच्या फोटोंवर."

उजेडाचा सण आणि आपुलकीची भेट गायब झाल्याचं मला थोडं वाईट वाटलं. पण पणत्यांचा फोटो वरच असतो, उजेड त्यात दिसतो.

कॅप्शन लावून झाल्यावर

इन्स्टाग्रामवर फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकी वाचायला दाबावं लागतं. सप्टेंबरच्या शेवटी कुणालाच तारखेची घाई नसते, तेव्हा पहिल्या ओळीत तेवण्याचा वेळ ठीक होता. ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, आम्ही कॅप्शन बदलून कुरिअरची तारीख पहिल्या ओळीत आणली आणि बल्कचं वाक्य काढून टाकलं. बल्कचे ३४० बॉक्स झाले होते, चारशे भरले नव्हते, पण मुदत संपली होती आणि वहिनीने साठ बॉक्सचा मोह टाळला. ८ ऑक्टोबरला राज्याबाहेरची ओळ गेली. १० च्या रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी पहिली ओळ झाली, "कुरिअर बंद. आता फक्त डोंबिवलीतून, १८ पर्यंत." साडेआठला एका बाईंनी ऑर्डर टाकली, मग स्वतःच कॅप्शन वाचून म्हणाल्या, उशीर झाला ना, पुढच्या वेळी. २०२४ ला अशा वेळी अर्धा तास फोन चालला असता.

एक गोष्ट मात्र आमच्या हातून निसटली होती. लोक पोस्टचा स्क्रीनशॉट काढतात आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतात. तिथे कॅप्शन बदललं तरी स्क्रीनशॉट बदलत नाही. १९ ऑक्टोबरला, रविवारी सकाळी, नागपूरहून एका बाईंचा फोन आला. मैत्रिणीने ग्रुपवर पाठवलेल्या चित्रात शेवटची तारीख २३ ऑक्टोबर आहे, मग कुरिअर बंद कसं? वहिनीने चित्र मागवलं. ते २०२४ चं निघालं. तेच माझं "शिपिंगची शेवटची तारीख २३ ऑक्टोबर," पुढे वर्ष नाही. आणि २०२५ ला २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती.

वहिनीने बाईंना होल्डवर ठेवलं, पेजवरची जुनी पोस्ट अर्काइव्हमध्ये टाकली आणि मला तोंडाने नुसतं "वर्ष" असं म्हणून दाखवलं. पुन्हा फोन कानाला लावून तिने समजावलं की आता निघालेलं पार्सल दिवाळीत पोचायचं नाही. बाई जरा थांबल्या. मग विचारलं, त्रिपुरी पौर्णिमेला तरी पोचतील का? ती ५ नोव्हेंबरला. दिवाळीची गर्दी ओसरल्यावर, २४ ला पार्सल निघालं तरी हातात बारा दिवस.

"पोचतील," वहिनी म्हणाली.

"घाटावर लावायच्यात. किती वेळ तेवतात?"

"वाऱ्यावर तीन तास."

"चालतील. वीस पाठवा. म्हणजे पाच बॉक्स ना?"